त्यांची सोमवार सकाळ, आपली सोमवार संध्याकाळ

(मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी हा विषय सुचवला तेव्हा मी आधी नको म्हणालो होतो. मी राज्य सरकारच्या मार्ग व मकान खात्यात नोकरी करतो. माझ्याकडे येणारे लोक म्हणजे रस्त्याची तक्रार घेऊन येणारे सरपंच. त्यांच्या आणि माझ्या घड्याळात फरक नसतो, फक्त घाईत असतो. पण चिटणीसांना माझी जुनी नोकरी ठाऊक होती. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर सरकारी नोकरी लागेपर्यंत नऊ वर्षे मी इथेच, वडोदऱ्यात, एका लहानशा खाजगी ऑफिसात काम केले. आम्ही बारा जण होतो. अमेरिकेत उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या पोलादी सांगाड्याची ड्रॉइंग्ज आम्ही करायचो. आमचा मुख्य ग्राहक शिकागोजवळचा एक फॅब्रिकेटर होता, म्हणजे लोखंडी खांब आणि तुळया कापून, भोके पाडून, जोडून साइटवर पाठवणारा कारखानदार. आज आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी परदेशी ग्राहकाचे काम करते. कामाचा प्रकार वेगळा असेल, पण घड्याळ तेच आहे. म्हणून त्या नऊ वर्षांत आम्ही कोणते नियम केले आणि ते का करावे लागले, एवढेच सांगतो.

आधी घड्याळाचे गणित. आपले घड्याळ वर्षभर एकाच जागी असते. शिकागोचे घड्याळ वर्षातून दोनदा सरकते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे येते. त्यामुळे उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेअकरा. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. ऐकायला सोपे वाटते. आम्हालाही वाटायचे.

पूर्वी त्यांचे घड्याळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी सरकायचे. आमच्या भिंतीवर तसा तक्ता लावलेला होता. मग अमेरिकेने कायदा बदलला आणि २००७ पासून नव्या तारखा लागू झाल्या. आमच्या तक्त्याला ते कोणी सांगितले नाही. सोमवार, १२ मार्च २००७. दर सोमवारी साडेसात वाजता ग्राहकाचा फोन यायचा, सगळे टेबलाभोवती बसायचे आणि आठवड्याचे काम ठरायचे. त्या दिवशी फोन साडेसहाला वाजला. आम्ही त्या वेळी खाली गाडीवर सेव-उसळ खात होतो. ऑफिसात फक्त नवीन मुलगा होता. त्याने इंग्रजी ऐकले आणि घाबरून ठेवून दिला. आम्ही साडेसातला वह्या उघडून बसलो तेव्हा शिकागोत नऊ वाजले होते आणि तो गृहस्थ कारखान्यात उतरला होता. त्या रात्री तो भेटलाच नाही. कोणत्या खांबांची ड्रॉइंग्ज आधी हवीत हे त्या फोनवर ठरायचे होते. आम्ही एक दिवस अंदाजाने काम केले आणि त्यातले निम्मे चुकीच्या क्रमाने निघाले.

नोव्हेंबरमधली चूक तितकी महागात पडत नाही. तेव्हा आपण तासभर आधी जाऊन बसतो, चहा होतो, एवढेच. मार्चमध्ये मात्र आपण तासभर उशिरा पोहोचतो आणि ग्राहक वाट पाहून निघून गेलेला असतो.

यातून पहिला नियम झाला: ठरलेली भेट कोणाच्या घड्याळाला बांधलेली आहे हे लेखी ठरवायचे. एकच घड्याळ धरायचे. आम्ही शिकागोचे धरले, कारण सरकणारे घड्याळ त्यांचे होते. हल्ली संगणकाच्या कॅलेंडरमध्ये भेट नोंदवताना शहर निवडता येते. तिथे शिकागो निवडले की आपल्याकडची वेळ आपोआप सरकते. नोंद आपल्या शहराच्या नावाने केली तर आपली वेळ स्थिर राहते आणि तिकडच्या माणसाची सरकते. दोन्ही चालते, पण दोघांनाही ते आधी माहीत हवे. वेळेच्या अद्याक्षरांवर भरवसा ठेवू नका. आपण आयएसटी लिहितो ते भारतीय वेळेसाठी, पण आयर्लंड आणि इस्रायलमध्येही तीच अक्षरे वापरतात. शहराचे नाव लिहिले की प्रश्न मिटतो.

कोणाची टीम तिकोनी असेल, म्हणजे आपण, लंडन आणि शिकागो, तर मार्चमध्ये आणखी काळजी घ्यावी लागते. लंडनचे घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी सरकते. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि शिकागो यांच्यातले अंतर सहा तासांऐवजी पाच तासांचे असते. ऑक्टोबरच्या शेवटीही एक आठवडा असाच गोंधळ होतो.

आपल्या ज्येष्ठांना यात नवल वाटणार नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबई शहराने आपली वेगळी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. दोन्हींत एकोणचाळीस मिनिटांचा फरक होता. तेव्हा गाडीला पाहुणे घ्यायला जाणाऱ्यांनी काय केले असेल ते तेच जाणोत.

आता वाराबद्दल. पहिल्या वर्षी ग्राहक शुक्रवारी लिहायचा, की अमुक ड्रॉइंग सोमवारी सकाळी पहिल्यांदा माझ्या टेबलावर हवे. आमचे मालक लगेच सगळ्यांना रविवारी बोलवायचे. सोमवारी सकाळी म्हणजे रविवारी संपायला हवे, हे आपल्या डोक्यातले गणित. सात-आठ महिने आम्ही असे रविवार घालवले. मग आमच्यातल्या एका ज्येष्ठ ड्राफ्ट्समनने, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, एका कागदावर दोन रेघा मारल्या. वर शिकागो, खाली वडोदरा. त्याचे सोमवारचे सकाळचे सात म्हणजे आपले सोमवारचे संध्याकाळचे साडेपाच. आपला अख्खा सोमवार कामाला मोकळा होता! मालकांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी बोलावणे आले नाही.

याची दुसरी बाजूही आहे. त्यांचा शुक्रवार संध्याकाळचे पाच म्हणजे आपली शनिवारची पहाट, साडेतीन. त्यांनी शुक्रवारी घरी जाताना पाठवलेले उत्तर आपल्याला शनिवारी सकाळी मिळते. म्हणजे उत्तरे मिळण्याचे आपले दिवस मंगळवार ते शनिवार. सोमवारी सकाळी टपाल रिकामे असते आणि त्या सकाळी विचारलेला प्रश्न संध्याकाळपर्यंत कोणी वाचत नाही. म्हणून आम्ही आठवड्याची सुटी शनिवार-रविवारऐवजी रविवार-सोमवार घेऊन पाहिली. काम छान चालले, पण घरी चालले नाही. मुलांच्या शाळेला सोमवारी सुटी नसते. तीन महिन्यांनी ते बंद केले. शेवटी दोन-दोन माणसे आळीपाळीने शनिवारी येऊ लागली. आलेली उत्तरे वाचायची, ज्याच्या कामाचे असेल त्याच्या नावाने लावून ठेवायची आणि एखादे उत्तर अपुरे असेल तर सोमवारी त्यांचे ऑफिस उघडायच्या आत नेमका प्रश्न तयार ठेवायचा, एवढेच त्यांचे काम.

आणि तारखा. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. ३/४ म्हणजे त्यांचा मार्च, आपला एप्रिल. महिना अक्षरात लिहायचा, यावर आमच्याकडे पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे प्रश्न विचारणे. समोरच्या टेबलावरच्या माणसाला अर्धवट प्रश्न विचारला तर तो "कुठलं रे?" म्हणतो आणि आपण बोटाने दाखवतो. पाच सेकंदांचे काम. साडेदहा तासांच्या अंतरावर त्या "कुठलं रे?"ला एक दिवस लागतो.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. एका गोदामाच्या इमारतीचे अँकर बोल्टचे ड्रॉइंग आम्ही करत होतो. खांब ज्या बोल्टांवर उभा राहतो ते पायाच्या काँक्रीटमध्ये आधी रोवावे लागतात, म्हणून हे ड्रॉइंग सर्वांत आधी जाते. 'ब' आणि 'क' या दोन ओळींतल्या खांबांमधले अंतर स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या नकाशात २४ फूट होते आणि आर्किटेक्टच्या नकाशात २४ फूट २ इंच. कोणते धरायचे? आमच्या एका मुलाने मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता, शिकागोत सकाळचे साडेसात असताना, लिहून पाठवले: ओळ 'क'वरील मापाचा खुलासा करावा. वेळ अगदी योग्य होती. ग्राहकाने प्रश्न कंत्राटदारामार्फत इंजिनीअरकडे दिला. बुधवारी सकाळी आम्ही उत्तर वाचले: कोणते माप? कोणत्या नकाशातले? आम्ही लगेच दहा वाजता खुलासा केला आणि खूश झालो. पण तेव्हा तिकडे मंगळवारची रात्र होती. तो खुलासा त्यांनी त्यांच्या बुधवारी वाचला. गुरुवारी सकाळी उत्तर आले: आर्किटेक्टप्रमाणे करा. आता आमच्याकडे आर्किटेक्टच्या नकाशाची एक आवृत्ती होती आणि पत्रावरून दिसत होते की नंतरची एक निघाली आहे. तिच्यातही तेच माप आहे का? पुन्हा प्रश्न. शुक्रवारी सकाळी उत्तर: नवी आवृत्ती सोबत जोडली आहे. सोबत काहीच जोडलेले नव्हते. आम्ही पुन्हा लिहिले, त्या दिवशी इंजिनीअर रजेवर होते, मग शनिवार-रविवार, आणि पुढच्या मंगळवारी सकाळी नकाशा हातात पडला. २४ फूट २ इंच. दोन इंचांसाठी एक आठवडा. कोणी आळस केला नव्हता, सगळ्यांनी त्याच दिवशी उत्तरे दिली होती. पण तिकडे काँक्रीटचा माणूस खोळंबला होता आणि त्याचा राग शेवटी आमच्यावर आला.

काकांनी तो प्रश्न पुन्हा लिहून दाखवला. पाठवायला नाही, आम्हाला शिकवायला. दोन्ही नकाशांचे क्रमांक आणि आवृत्तीची तारीख. दोन्ही नकाशांतला तेवढाच तुकडा कापून शेजारी-शेजारी लावलेला, मापाभोवती लाल ढग काढलेला. मग वाक्य: स्ट्रक्चरलमध्ये २४ फूट आहे, आर्किटेक्टमध्ये २४ फूट २ इंच आहे, भिंतीची जाडी पाहता दुसरे बरोबर वाटते. पर्याय अ, २४ फूट. पर्याय ब, २४ फूट २ इंच. आर्किटेक्टची याहून नवी आवृत्ती असल्यास कृपया पाठवा. उत्तर गुरुवारी, शिकागोच्या संध्याकाळी पाचपर्यंत हवे. त्यानंतर अँकर बोल्टचे ड्रॉइंग थांबेल. दरम्यान आम्ही जिन्याचे काम करत आहोत.

हे लिहायला मुलाला पाच मिनिटांऐवजी अर्धा तास लागला असता. पण वाचणारा माणूस गाडीत बसून, फोनवर, एका अक्षरात उत्तर देऊ शकला असता. तेव्हापासून आमचा नियम झाला, की पाठवण्याआधी प्रश्न दुसऱ्या कोणीतरी, त्या कामाची माहिती नसलेल्याने, वाचायचा. त्याने "कुठलं?" विचारले तर प्रश्न परत. आणि एकाच प्रश्नाची तिसरी फेरी झाली की लिहिणे थांबवून त्या संध्याकाळी सरळ फोन करायचा. फोनवर जे ठरेल ते त्याच रात्री आपण लिहून पाठवायचे, "आपले असे बोलणे झाले, त्याप्रमाणे करत आहोत." तोंडी सांगितलेल्यावर रेघ मारायची नाही. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येते.

मध्येच एक सांगतो. सरकारात आलो तेव्हा लोकांनी मला घाबरवले होते की तिथे नुसत्या फाइली फिरतात. फिरतात, खरे आहे. पण जुन्या हेडक्लार्कने लिहिलेली टिपणी कधी नीट पाहा. आधीच्या पत्राचा पान क्रमांक, विषय, काय मागितले आहे, नियम काय म्हणतो, आणि शेवटी "मान्य असल्यास आदेशार्थ सादर". साहेबाने फक्त सही करायची. काकांचा प्रश्न आणि ती टिपणी यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. बिघडते ते फाइल टेबलावर पडून राहते तेव्हा.

उत्तर येईपर्यंत काय करायचे, हा पुढचा प्रश्न. हात बांधून बसलो तर दिवस जातो, अंदाजाने पुढे गेलो तर चूक होते. आमचा नियम असा होता: जे नंतर बदलता येते ते अंदाजाने करा, जे बदलता येत नाही त्याला हात लावू नका. संगणकातल्या मॉडेलमध्ये तुळईची लांबी दोन इंचांनी बदलणे दहा मिनिटांचे काम आहे. काँक्रीटमध्ये रोवलेला बोल्ट दोन इंच सरकवणे म्हणजे साइटवर तोडफोड. म्हणून मॉडेल पुढे न्यायचे, पण अंदाजाने केलेला प्रत्येक भाग मॉडेलमध्ये लाल रंगाचा करायचा, वहीत त्याला क्रमांक द्यायचा, आणि लाल भाग असलेले एकही ड्रॉइंग बाहेर पाठवायचे नाही.

हा नियम कुठे मोडतो तेही सांगितले पाहिजे. एकदा घाईच्या आठवड्यात कोणीतरी छपाईसाठी सगळे रंग काळे केले आणि लाल तुळयांची दोन ड्रॉइंग्ज चांगल्या ड्रॉइंग्जबरोबर निघून गेली. तुळया कापल्या गेल्या, आखूड निघाल्या. त्याचे पैसे आमच्या बिलातून गेले आणि ते योग्यच होते. त्यानंतर रंगावर विसंबणे सोडले. दर शुक्रवारी वही उघडून न सुटलेले प्रश्न मोजायचे आणि प्रत्येक किती दिवसांचा झाला ते लिहायचे, असे सुरू झाले. संख्या वाढली तर फार काळजी नसते, काम वाढले की प्रश्न वाढतात. एखादा प्रश्न दहा दिवसांचा झाला की समजायचे, तो कोणाच्या तरी टेबलावर हरवला आहे, किंवा आपल्याकडेच उत्तर येऊन कोणी नोंदवलेले नाही. दुसरे जास्त वेळा निघायचे.

आता संध्याकाळच्या फोनबद्दल, कारण इथे बसलेल्या आई-वडिलांना आणि सासू-सासऱ्यांना तेवढेच दिसते. त्या ऑफिसात माझे इंग्रजी बरे, म्हणून रोजचा फोन माझ्याकडे आला. आठवड्याचा सोमवारचा वेगळा आणि रोजचा वेगळा. हिवाळ्यात साडेसातला सुरू व्हायचा, सव्वाआठला संपायचा, मग त्यात सांगितलेले लिहून काढायचे, आणि घरी पोहोचायला साडेनऊ व्हायचे. चौदा महिने मी एकटाच हे करत होतो. माझी मुलगी तेव्हा दीड-दोन वर्षांची होती. सकाळी मी निघायचो तेव्हा ती झोपलेली, रात्री आलो तेव्हा झोपलेली. एका रविवारी ती माझ्याकडे यायला तयार होईना, आजीच्या पदराआडून बघत राहिली. बायको काही बोलली नाही. मीच दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितले की हे मला जमणार नाही.

मालक म्हणाले, ग्राहकाची वेळ आहे, आपण काय करणार. काकांनी विचारले, त्याला कधी विचारले आहे का? कोणीच विचारले नव्हते. त्या संध्याकाळी मी फोनवर विचारले, थोडे चाचरतच. तो म्हणाला, अरे, माझा कारखाना सकाळी सहाला सुरू होतो, मी सहापासून इथेच असतो. आठ ही वेळ तुमच्या मालकांनी दिली होती, मला वाटले तुम्हाला सोयीची आहे! मालकांनी ती दिली होती कारण अमेरिकन माणूस आठच्या आधी भेटत नसणार, असा त्यांचा समज. फोन त्यांच्या सातवर आला. आमचे उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. शिवाय तिघांनी दोन-दोन आठवड्यांच्या पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याने सकाळी दोन तास उशिरा यायचे, आणि हे मालकांनी हजेरीच्या वहीत लिहून घेतले. लिहून घेतले हे महत्त्वाचे, नाहीतर उशिरा येणे लक्षात राहते आणि उशिरा थांबणे विसरले जाते.

पाळी लावल्यावर पहिला महिना वाईट गेला. ग्राहकाला माझी सवय होती, दुसऱ्यांशी तो नीट बोलेना. म्हणून पहिले दोन आठवडे मी गप्प बसून सोबत राहिलो. हाही खर्च धरावा लागतो. पण त्याशिवाय एक माणूस आजारी पडला की सगळे ऑफिस मुके होते.

सुट्यांची देवाणघेवाण जानेवारीत व्हायची. त्यांचा थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, आणि शुक्रवारीही सहसा कोणी नसते. आमची दिवाळी, आणि १४ व १५ जानेवारीची उत्तरायण. नुसती तारीख कळवून भागत नाही. १४ तारखेला आम्ही बंद, एवढे लिहिले तर त्याला वाटायचे १४ला दुपारी काही पाठवले की रात्रीत होईल. म्हणून आम्ही त्याच्या घड्याळात लिहायचो: तुमच्या १२ तारखेच्या संध्याकाळपर्यंत आलेले काम तुम्हाला १३ला सकाळी मिळेल, त्यानंतर आलेले १६ला सकाळी. पहिल्या वर्षी त्याने विचारले की दोन दिवस सबंध शहर छपरावर चढून पतंग उडवते हे खरे का. आम्ही फोटो पाठवले.

भाषणाआधी एका काकूंनी मला बाहेर गाठून विचारले, की सून घरूनच काम करते, गणपतीत रोज साडेसातच्या आरतीला तिचा फोन चालू असतो, ती खोलीचे दार लावून बसते, यावर काही उपाय आहे का. काकू, तिचा ग्राहक कोणत्या शहरातला आहे ते आधी तिला विचारा. शिकागोचा असेल तर गणपतीच्या दिवसांत साडेदहा तासांचे अंतर असते, म्हणजे आरतीच्या वेळी तिकडे सकाळचे नऊ. आठचा फोन मागितला तर तो इथे साडेसहाला सुरू होतो, सातचा मागितला तर साडेपाचला. तिने स्वतःच्या टीममध्ये आधी बोलावे, मग दहा दिवसांसाठी म्हणून, तारखा देऊन, तीन आठवडे आधी लिहावे. या वर्षीचे गणपती आता बसले आहेत, त्यामुळे राहिलेल्या दिवसांत एखाद्या सहकाऱ्याशी पाळी बदलून मिळते का ते बघावे, आणि त्या बदल्यात त्याची दिवाळीतली पाळी घ्यावी.

साडेसात होत आले आहेत आणि चिटणीस घड्याळ दाखवत आहेत.